फाऊल की वैध? लांब उडी आणि तिहेरी उडीचा निकाल रेषेपासून टेपपर्यंत

लांब उडीत खेळाडू किती लांब गेला, हे ठरवणाऱ्या दोनच गोष्टी आहेत: एक रेषा आणि वाळूतली एक खूण. रेषेपाशी चूक झाली तर उडी मोजलीच जात नाही. वाळूतली खूण चुकीची धरली तर उडी मोजली जाते, पण आकडा खोटा निघतो. प्रेक्षकांचे लक्ष हवेतल्या खेळाडूकडे असते. पंचाने मात्र आधी रेषेकडे आणि नंतर वाळूकडे पाहायचे असते, हवेत काय चालले आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. पुढचे सगळे विवेचन वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांवर आधारलेले आहे. ते पंचासाठी आहे तितकेच, लाल झेंडी का दाखवली हे समजून घेऊ पाहणाऱ्या खेळाडूसाठीही आहे.

फळी आणि तिची पुढची कड

टेक-ऑफ बोर्ड म्हणजे रनवेमध्ये जमिनीच्या पातळीवर बसवलेली पांढरी फळी. तिची लांबी १.२२ मीटर, म्हणजे रनवेच्या रुंदीइतकीच. धावण्याच्या दिशेने ती २० सेंटिमीटर रुंद असते. या फळीची वाळूकडची कड म्हणजे टेक-ऑफ रेषा. फाऊलही हिच्यावरूनच ठरतो आणि मापही हिच्यापासूनच घेतात. फळीच्या मधून किंवा मागच्या कडेपासून काहीच मोजत नाहीत.

इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. ‘पाय फळीवर पडला नाही, आधीच उडी मारली, म्हणजे फाऊल’ असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नाही. फळीच्या एक मीटर मागून उडी मारली तरी ती वैध आहे. फक्त माप रेषेपासूनच घेतले जाते, त्यामुळे तो एक मीटर वाया जातो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मोठ्या माणसाचा स्पाईक्स बूट फळीच्या रुंदीपेक्षा लांब असतो, म्हणजे अख्खे पाऊल फळीत मावतच नाही. फळी नीट साधली याचा अर्थ बुटाचे टोक रेषेच्या अगदी अलीकडे आले आणि टाच फळीच्या मागे रनवेवर राहिली, इतकाच.

रेषेच्या पलीकडे, वाळूच्या बाजूला, प्लॅस्टिसिनची पट्टी बसवतात. ती १० सेंटिमीटर रुंद असते आणि फळीच्या पातळीपेक्षा साधारण ७ मिलिमीटर उंच उठलेली असते. बुटाचे टोक रेषेपुढे गेले की त्या मऊ कडेवर खूण उमटते. पट्टी म्हणजे पंचाच्या डोळ्याला आधार, नियम नव्हे. नियम रेषेचा आहे.

२०२१ नंतर काय बदलले

पूर्वी प्रश्न असा होता: खेळाडूने रेषेपुढच्या जमिनीला किंवा प्लॅस्टिसिनला स्पर्श केला का? बुटाचे टोक वर वळलेले असेल आणि ते रेषेवरून पुढे लोंबत राहिले, पण कुठे टेकले नाही, तर खूण उमटत नसे आणि उडी वैध ठरे. त्या काळी पट्टीची कड ४५ अंशांत उतरती असे, त्यामुळे लोंबणाऱ्या टोकाला थोडी जागाही मिळे.

नोव्हेंबर २०२१ पासून प्रश्नच बदलला. आता रेषेवर एक उभी, अदृश्य भिंत आहे असे समजायचे. पायाचा जमिनीशी संपर्क सुटण्यापूर्वी उडीच्या पायाचा किंवा बुटाचा कोणताही भाग त्या भिंतीच्या पलीकडे गेला की फाऊल. टेकला की नाही, याला महत्त्व उरले नाही. पट्टीची कडही त्यामुळे ९० अंशांत सरळ उभी केली गेली. मोठ्या स्पर्धांत रेषेच्या सरळ रोखाने कॅमेरा लावलेला असतो आणि निर्णय पडद्यावर पाहून होतो. माझ्या मते हा बदल योग्यच होता. पूर्वी पुसट खुणेवरून जे वाद व्हायचे, त्यांतले निम्मे तरी बुटाच्या आकाराबद्दल असायचे.

शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवे. हा नियम फक्त उडीच्या पायाचा आहे. दुसरा पाय गुडघ्यातून वर येत त्या क्षणी रेषेच्या पुढेच असतो, हातही पुढे असतात, त्याला कोणतीही हरकत नाही. जमीन सुटल्यावर तर सगळे शरीर पुढे जाणारच.

कॅमेरा नसेल तर पंचाने बसायचे कुठे, यावर निकालाची अचूकता अवलंबून असते. रनवेच्या बाजूला, रेषेच्या नेमक्या रोखात, डोळे शक्य तितके खाली आणून बसा. उभे राहून वरून पाहिले तर बुटाचे टोक आणि रेषा यांच्यातले अंतर कमी-जास्त भासते. रेषेच्या थोडे मागे किंवा पुढे बसले तरी तेच होते, एका जागेवरून सगळेच फाऊल वाटतात आणि दुसरीवरून एकही वाटत नाही. खेळाडू धावत येताना त्याच्याकडे पाहू नका. नजर रेषेवरच ठेवा, पाय आपोआप त्या चौकटीत येतो. खूण उमटली आहे का हे उडीनंतर तपासा आणि उमटली असेल तर पुढच्या खेळाडूआधी पट्टी गुळगुळीत करा किंवा बदला. नाहीतर जुन्या खुणेचा दोष नव्या खेळाडूच्या माथी जातो.

रेषेपाशी आणखी दोन प्रकारचे फाऊल होतात. उडी न मारता खेळाडू धावत रेषा ओलांडून गेला, तर तो प्रयत्न वाया. पण रेषेच्या अलीकडे थांबला, तर प्रयत्नासाठी दिलेल्या एका मिनिटात परत जाऊन पुन्हा धाव घेऊ शकतो. दुसरा प्रकार म्हणजे फळीच्या टोकाबाहेरून, रनवेच्या बाजूने उडी मारणे. पाऊल पूर्ण बाहेर असेल तर फाऊल. बुटाचा थोडा भाग फळीच्या टोकाबाहेर पण रेषेच्या अलीकडे असेल, तर उडी वैध. धावताना रनवेच्या पांढऱ्या पट्ट्या ओलांडल्या म्हणून कोणी बाद होत नाही. कोलांटी उडी मात्र पूर्णपणे बंद आहे.

वाळूत पडल्यानंतरचे फाऊल

लाल झेंडी फक्त रेषेवरच मिळते असे समजणारे खेळाडू इथे फसतात. उडी उत्तम, रेषा सुरक्षित, आणि उठून बाहेर पडताना चुकीच्या जागी पाय ठेवला की सगळे गेले.

नियमाचा गाभा असा: रेषेच्या सर्वांत जवळची वाळूतली खूण म्हणजे तुमची मर्यादा. वाळूत पडताना तोल जाऊन हौदाच्या कडेला किंवा बाहेरच्या जमिनीला त्या मर्यादेपेक्षा रेषेच्या जवळ स्पर्श झाला, तर फाऊल. आणि हौदातून बाहेर पडताना काठावर किंवा बाहेर पडणारे पहिले पाऊल त्या मर्यादेच्या पुढे, म्हणजे रेषेपासून जास्त लांब असायला हवे. उठून वाळूतूनच रनवेकडे चालत आलात तर फाऊल. एकदा योग्य जागेवरून बाहेर पडल्यावर काही विसरलेले घ्यायला परत वाळूतून गेलात, तर मात्र काही बिघडत नाही.

म्हणून पांढरी झेंडी कधी दाखवायची, याचे उत्तर सोपे आहे: खेळाडू नीट बाहेर पडल्यानंतर. पाय वाळूत पडताच झेंडी उंचावणारा पंच पुढे अडचणीत येतो, कारण एकदा दाखवलेली पांढरी झेंडी खाली घेऊन लाल काढली की समोर वाद उभा राहतोच.

लाल झेंडी दाखवल्यावरही घाईने वाळू सारखी करू नका. खेळाडूने त्याच क्षणी तोंडी हरकत घेतली, तर रेफरी ती उडी मोजून ठेवायला सांगू शकतो, म्हणजे नंतर निर्णय फिरला तर आकडा हाताशी असतो. दाताळे फिरले की तो पुरावा कायमचा गेला.

मोजायचे कसे

माप घेतात ते रेषेच्या सर्वांत जवळच्या खुणेपासून, मग ती शरीराच्या कोणत्याही भागाने केलेली असो. बहुतेक वेळा ती टाचेची किंवा नितंबांची असते, कधी मागे टेकलेल्या हाताची. खूण करताना अंगावर असलेली वस्तूही यात धरली जाते. मोकळ्या वेणीने किंवा पाठीवरच्या क्रमांकाच्या कागदाने वाळूला खूण केली तर ती मोजली जाते. २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत सर्बियाच्या इव्हाना श्पानोविचची शेवटची उडी सात मीटरच्या पुढे गेल्यासारखी दिसली होती, पण पडद्यावर आकडा आला ६.९१. पाठीवरचा क्रमांकाचा कागद वाळूला लागला असावा, अशी चर्चा झाली. सर्बियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली आणि ६.९६ च्या आधीच्या उडीवर ती चौथी आली. तिसऱ्या क्रमांकाची उडी ६.९७ होती. क्रमांकाचा कागद चारही कोपऱ्यांत घट्ट टाचून घेणे म्हणजे नुसती टापटीप नव्हे.

खूण शोधताना उभ्याने पाहू नका, बाजूने वाकून पाहा. उडालेली वाळू म्हणजे खूण नव्हे. शरीराने दाबलेल्या खड्ड्याची रेषेकडची कड हवी असते. कोरड्या वाळूत ही कड ढासळते, म्हणूनच स्पर्धेपूर्वी वाळू ओलसर करतात. वाळूची पातळीही फळीच्या पातळीइतकी राखावी लागते. वाळू खचली असेल तर खेळाडू हवेत थोडा जास्त वेळ राहतो आणि पुढे जाऊन टेकतो, म्हणजे त्याला फुकटचे सेंटिमीटर मिळतात. दिवसभरात हौदाच्या मधोमध खळगा पडत जातो. सकाळी सारखी केलेली वाळू दुपारी तशी राहिलेली नसते.

कड सापडली की तिथे खुंटी सरळ उभी रोवा. टेपचे शून्य खुंटीपाशी धरा आणि टेप फळीकडे ओढत न्या. शून्य वाळूत का? म्हणजे आकडा फळीपाशी वाचला जातो, जिथे रेषा स्पष्ट दिसते आणि मुख्य पंच उभा असतो. टेप पोलादी असावा आणि ताणून धरावा. मध्ये झोळ पडला तर आकडा वाढतो.

आता सर्वांत जास्त चुकणारी पायरी. टेप रेषेला काटकोनात हवा. खेळाडू हौदाच्या उजवीकडे पडला असेल, तर टेप फळीच्या मधोमध आणायचा नाही, तो सरळ समोर आणायचा. फळी १.२२ मीटर लांब असते, तर हौद किमान २.७५ मीटर रुंद असतो. त्यामुळे सरळ आणलेला टेप अनेकदा फळीच्या टोकाच्याही बाहेर येतो. तिथे रेषा बाजूला वाढवून वाचावे लागते. फळीच्या कडेला लागून एक सरळ पट्टी ठेवली की काम होते. काटकोन साधला की नाही हे तपासायची युक्ती सोपी आहे: खुंटीपाशी शून्य पक्के धरून टेपचे दुसरे टोक रेषेवरून हळू डावीकडे-उजवीकडे फिरवा. आकडा कमी होत जाईल आणि मग पुन्हा वाढू लागेल. सर्वांत लहान आकडा तोच खरा.

शेवटी उतरता आकडा घ्या. पूर्ण सेंटिमीटर झाला नसेल तर वरचे मिलिमीटर सोडून द्यायचे. ६ मीटर ३२ सेंटिमीटर ८ मिलिमीटर म्हणजे ६.३२. जवळच्या आकड्यात बदलून ६.३३ लिहायचे नाही.

एक उडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, एका खेळाडूच्या बुटाचे टोक उडी घेताना रेषेच्या ९ सेंटिमीटर मागे होते. उभी भिंत अबाधित, म्हणजे रेषेपाशी काही दोष नाही. टाचा वाळूत ६.४१ वर टेकल्या. तोल मागे गेला आणि उजवा हात मागे टेकला, हौदाच्या आतच. फळीच्या मध्यापासून ९० सेंटिमीटर उजवीकडे आणि रेषेपासून सरळ ६.१२७ मीटरवर.

टाचेची खूण आता विसरा. हाताची खूण जवळची आहे, म्हणून माप तिथून. फळीचे टोक मध्यापासून ६१ सेंटिमीटरवर संपते, म्हणजे काटकोनातला टेप फळीच्या टोकाबाहेर २९ सेंटिमीटरवर रेषा गाठतो. वाढवलेल्या रेषेवर वाचले की ६.१२७, नोंद ६.१२. टेप आळसाने फळीच्या मध्यावर ओढला असता तर ६.१९ मिळाले असते. फळीच्या टोकापर्यंत आणला असता तर ६.१३. सात सेंटिमीटरचा फरक पदक फिरवायला पुरेसा आहे. दुसऱ्या चुकीचा एक सेंटिमीटर अधिक धोक्याचा, कारण तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता हौदातून बाहेर पडणे. ती उजवीकडून बाहेर निघाली आणि काठावरचे पहिले पाऊल रेषेपासून ६.२० वर पडले. टाचेच्या खुणेच्या ते मागे आहे, पण मर्यादा आता ६.१२७ ची आहे, म्हणून उडी वैध. तेच पाऊल ६.०५ वर पडले असते तर लाल झेंडी.

आणखी एक शक्यता पाहा. तोच हात हौदाबाहेर टेकला असता तर? वाळूतली जवळची खूण मग टाचेची, ६.४१ वर. हात बाहेर ६.१२ वर टेकला तर तो तिच्यापेक्षा रेषेच्या जवळ, म्हणजे फाऊल. हात बाहेर ६.५० वर टेकला तर चालेल आणि माप ६.४१ चेच राहील. मात्र बाहेरचा स्पर्श हा पहिलाच स्पर्श असेल, म्हणजे वाळूत टेकण्याआधीच हात बाहेर लागला असेल, तर कुठेही असला तरी फाऊल.

तिहेरी उडीत वेगळे काय

रेषेचा नियम, बाहेर पडण्याचा नियम आणि मोजमाप यांत काहीच वेगळे नाही. मापही पहिल्या उड्डाणाच्या रेषेपासून शेवटच्या वाळूतल्या खुणेपर्यंत एकाच ओळीत. हॉप, स्टेप आणि जंप वेगवेगळे मोजून बेरीज करत नाहीत, तसे आकडे प्रशिक्षक आपल्या वहीसाठी घेतात.

वेगळा आहे तो पायांचा क्रम. हॉपमध्ये ज्या पायाने उडी घेतली त्याच पायावर उतरायचे, आपल्या लंगडीसारखे. स्टेपमध्ये दुसऱ्या पायावर उतरायचे आणि त्या पायावरून शेवटची जंप घ्यायची. म्हणजे उजवा, उजवा, डावा आणि मग वाळू, किंवा डावा, डावा, उजवा आणि वाळू. क्रम चुकला की फाऊल. रेषेवर नजर लावून बसलेल्या पंचाला हा क्रम नीट दिसत नाही, म्हणून पावले पाहायला दुसरा पंच हवा. एकाच माणसावर दोन्ही कामे टाकली की दोन्ही अर्धवट होतात.

मोकळा पाय मध्येच जमिनीला घासला तर? आज तो फाऊल नाही. पूर्वी होता. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयन कॅम्पबेलची एक लांब गेलेली उडी मोकळा पाय घासल्याच्या कारणावरून बाद ठरवली गेली होती आणि त्यावर बरेच वादळ उठले. पुढे तो नियमच काढून टाकला गेला. तरीही जुने शिकून आलेले काही पंच अजून या कारणासाठी लाल झेंडी काढतात. हॉप आणि स्टेपमध्ये रनवेच्या पांढऱ्या पट्टीवर किंवा तिच्या बाहेर पाऊल पडले, तेवढ्यावरूनही फाऊल होत नाही.

फळीचे अंतर इथे फार महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वाळूच्या जवळच्या कडेपासून फळी पुरुषांसाठी किमान १३ मीटर आणि महिलांसाठी किमान ११ मीटर लांब असते. इतर स्पर्धांत खेळाडूंच्या पातळीनुसार जवळची फळी ठेवतात. शेवटची जंप वाळूत उतरलीच पाहिजे, नाहीतर फाऊल आणि दुखापतीचा धोका वेगळाच. उलट फळी फार जवळ असेल तर स्टेपच वाळूत उतरतो. पंचाने चुकीची फळी दाखवल्यामुळे असे झाले तर तो खेळाडूचा दोष नाही, आणि रेफरी सहसा त्याला बदली प्रयत्न देतो. रनवेवर दोन-तीन फळ्या दिसत असतील तर कोणती वापरायची हे प्रत्येक खेळाडूकडून आधी विचारून घ्या, आणि प्लॅस्टिसिनची पट्टी व पंचाची जागा त्याप्रमाणे हलवा. टेप कोणत्या फळीपाशी वाचायचा हेही मोठ्याने सांगा. घाईत शेजारच्या फळीवर वाचलेला आकडा थेट मीटरांनी चुकतो.

वाऱ्याची नोंद

वाऱ्याचा फाऊलशी संबंध नाही, निकालाशीही नाही. संबंध आहे विक्रमाशी. वायुमापक रेषेपासून २० मीटरवर, रनवेपासून जास्तीत जास्त २ मीटर दूर आणि साधारण १.२२ मीटर उंचीवर ठेवतात. लांब उडीत खेळाडू रेषेपासून ४० मीटरवरच्या खुणेपाशी आला की पाच सेकंद वारा मोजतात, तिहेरी उडीत ३५ मीटरवरून. धाव त्यापेक्षा छोटी असेल तर धाव सुरू झाल्यापासून. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर उडी क्रमवारीत धरली जाते, पण विक्रम म्हणून मान्य होत नाही. १९९१ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत कार्ल लुईसची ८.९१ ची उडी याच कारणाने विक्रम ठरली नाही, त्या वेळी वारा २.९ होता. त्याच दिवशी माईक पॉवेलने ०.३ वाऱ्यात ८.९५ मीटर उडी मारली.

वायुमापकासमोर कोणी उभे राहणार नाही, हेही पाहावे लागते. १९९५ मध्ये सेस्ट्रिएरला इव्हान पेद्रोसोने ८.९६ मीटर उडी मारली आणि वारा १.२ नोंदला गेला. पण यंत्रासमोर माणूस उभा होता असे दिसून आल्यावर तो विक्रम मान्य झाला नाही.

नोंदपत्रकावर वैध उडीचा आकडा लिहा आणि त्याच्याखाली वारा. फाऊलसाठी ‘X’, सोडलेल्या प्रयत्नासाठी ‘–’. फाऊल झाला म्हणून रकाना रिकामा ठेवू नका. बरोबरी झाली की दोघांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या उड्या पाहाव्या लागतात, आणि तेव्हा रिकाम्या रकान्याचा अर्थ काय होता हे कोणालाच आठवत नाही.